कॅशबॅक बुडाला, की त्याची तारीखच आली नाही?

“अबे, तुया कॅशबॅक आला काय?” दिवाळीनंतर महिना-दीड महिना झाला की कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. नांदगाव खंडेश्वरसारख्या तालुक्याच्या गावात मोठी खरेदी म्हटलं की अजूनही अमरावती गाठावी लागते. ऑक्टोबरात सोयाबीन घरात येतं, हाती थोडा पैसा असतो, त्यातच दिवाळी येते आणि मोबाइलच्या दुकानांवर बँकांच्या कार्ड ऑफरचे बोर्ड लागतात. कुणी स्वतःचं कार्ड वापरतं, कुणी काकांचं, कुणी नोकरीला लागलेल्या दादाचं. फोन त्याच दिवशी हातात येतो. कॅशबॅक मात्र पुढच्या बिलात दिसत नाही, त्याच्या पुढच्याही बिलात दिसत नाही. मग “फसवलं राजा” असं म्हणून विषय संपतो.

यात गोची अशी आहे की फसवणूक झालेले आणि नुसतेच वाट पाहत असलेले, दोघांनाही सारखंच वाटत असतं. दोघांच्याही स्टेटमेंटमध्ये पैसे दिसत नाहीत. दोघांतला फरक एका तारखेने ठरतो. ऑफरच्या अटींमध्ये पैसे जमा करण्याची जी शेवटची मुदत दिलेली असते, ती आपल्या खरेदीला लावून आपणच काढायची ती तारीख. तिच्या आधी कॅशबॅक ‘उशिरा’ झालेला नसतो आणि ती उलटल्यावर गप्प बसण्याचं कारण उरत नाही.

नियम आहे, पण तो दुसऱ्याच पैशासाठी

बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘रिझर्व्ह बँकेने पाच दिवसांचा नियम केलाय’ असं काहीतरी असतं. नियम खरंच आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या. दुकानातल्या मशीनवर कार्ड स्वाइप केलं, खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराला ते मिळाल्याचं कळलंच नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते.

पण हा नियम अडकलेल्या पैशासाठी आहे, कॅशबॅकसाठी नाही. ते पैसे मुळात आपलेच असतात आणि चुकून मध्ये लटकलेले असतात. कॅशबॅकमध्ये व्यवहार नीट पूर्ण झालेला असतो. दुकानदाराला पूर्ण किंमत मिळालेली असते आणि आपण ती द्यायला कबूल झालेलो असतो. त्यातला काही भाग पुढे कधीतरी परत देण्याचं आश्वासन ऑफरमध्ये असतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने दिवस ठरवून दिलेले नाहीत. त्या ऑफरच्या अटींमध्ये जे लिहिलं असेल, तीच मुदत. म्हणून ‘किती दिवस लागतात’ याचं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. पण साधारण तीन प्रकार ओळखता येतात.

तीन प्रकारची सूट, तीन वेगळी घड्याळं

पहिला प्रकार म्हणजे लगेच मिळणारी सूट. ऑनलाइन सेलमध्ये ‘इन्स्टंट डिस्काउंट’ असं लिहिलेलं असतं. इथे कार्डावर पडणारी रक्कमच कमी असते. १८,००० चा फोन आणि १,५०० ची सूट असेल, तर मशीनच्या स्लिपवर किंवा एसएमएसमध्ये १६,५०० दिसायला हवेत. १८,००० दिसले, तर ही सूट लागलीच नाही. ती नंतर येणार नसते, त्यामुळे तिथल्या तिथे काउंटरवरच विचारायचं.

दुसरा प्रकार म्हणजे कार्डाचा स्वतःचा कायमचा कॅशबॅक. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेलं ‘कॅशबॅक एसबीआय कार्ड’ हे याचं सरळ उदाहरण. त्याच्या अटींनुसार एका बिलातल्या खरेदीवरचा कॅशबॅक ते बिल तयार झाल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात जमा होतो. ऐकायला हे झटपट वाटतं. आता तारखा लावून बघा. समजा बिल दर महिन्याच्या ५ तारखेला बनतं आणि खरेदी १० ऑक्टोबरला झाली. ती खरेदी ५ नोव्हेंबरच्या बिलात येते. कॅशबॅक ७ नोव्हेंबरच्या आसपास जमा होतो. म्हणजे ५ नोव्हेंबरच्या बिलात तो दिसणं शक्यच नाही, तो छापील ओळ म्हणून ५ डिसेंबरच्या बिलात दिसणार. खरेदीपासून ५६ दिवस झाले आणि कुणीही एका दिवसाचाही उशीर केलेला नाही! अ‍ॅपमध्ये ‘अजून बिलात न आलेले व्यवहार’ असा भाग असतो, तिथे मात्र तो आधीच दिसतो.

याच प्रकारात एक गंमत आहे. काही कार्डांचा परतावा स्टेटमेंटमध्ये येतच नाही. ‘अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय’ कार्डाची कमाई अ‍ॅमेझॉन पेच्या बॅलन्समध्ये जमा होत आली आहे. अशा वेळी बिलाची ओळन् ओळ तपासली तरी काही सापडणार नाही. आणि डेबिट कार्डावरची ऑफर असेल, तर पैसे बचत खात्यात येतात. तिथे पासबुक पाहावं लागतं.

तिसरा प्रकार आपल्या वादाचा आहे. ठरावीक काळाची, ठरावीक ब्रँडची किंवा दुकानांची सणासुदीची ऑफर. दुकानाच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘१०% कॅशबॅक’ असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘अटी लागू’. त्या अटींत पैसे ‘ऑफर संपल्यापासून ९० दिवसांत’ जमा होतील असं वाक्य अनेकदा सापडतं. कुठे ९० दिवस, कुठे ९० कामकाजाचे दिवस, कुठे यापेक्षा कमी. या वाक्यातला प्रत्येक शब्द पैशाचा आहे, म्हणून एक हिशेब सावकाश करून पाहू.

धनत्रयोदशीचा फोन, फेब्रुवारीचं बिल

समजा, नांदगाव खंडेश्वरच्या एका विद्यार्थ्याने २०२५ च्या धनत्रयोदशीला, म्हणजे १८ ऑक्टोबरला, अमरावतीच्या दुकानातून १८,००० रुपयांचा फोन घेतला. कार्ड त्याच्या दादाचं, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला. ऑफर अशी: १५,००० च्या वरच्या खरेदीवर १० टक्के कॅशबॅक, जास्तीत जास्त १,५०० रुपये, एका कार्डावर एकदाच. ऑफर ३१ ऑक्टोबरला संपते आणि पैसे ऑफर संपल्यापासून ९० दिवसांत मिळतील.

आधी रक्कम. अठरा हजाराचे १० टक्के म्हणजे १,८००. पण कमाल मर्यादा १,५०० ची आहे, म्हणून येणार १,५०० च. पुढे १,५०० आले आणि ‘तीनशे कमी दिले’ असं वाटलं, तर ती चूक बँकेची नाही.

आता तारीख. मोजणी १८ ऑक्टोबरपासून सुरू होत नाही, ३१ ऑक्टोबरपासून होते. नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१ आणि जानेवारीचे २९ दिवस धरले की ९० भरतात. शेवटची तारीख २९ जानेवारी २०२६. बँकेने २७ जानेवारीला पैसे जमा केले, तर ते ५ फेब्रुवारीच्या बिलात छापून येतील. फोन घेतल्यापासून ११० दिवसांनी! तरीही बँकेने शब्द पाळलेला असेल. अटींत नुसते ‘दिवस’ न लिहिता ‘कामकाजाचे दिवस’ लिहिले असतील, तर शनिवार-रविवार सोडून मोजताना हीच मुदत मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जाते, आणि सुट्ट्या धरल्या तर आणखी पुढे. एका शब्दाने महिनाभराहून जास्त फरक पडतो.

म्हणजे हा पोरगा डिसेंबरात कट्ट्यावर “पैसे बुडाले” म्हणत असेल, तर तो घाई करतोय. आणि मार्च संपत आला तरी “येतील ना बे” म्हणत असेल, तर तो उशीर करतोय.

एवढे दिवस कशाला लागतात?

इथे एक जुनी गोष्ट आठवण्यासारखी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली. त्यानंतर बरोबर महिन्याने केंद्र सरकारने जाहीर केलं, की सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर कार्डाने किंवा डिजिटल पद्धतीने पेट्रोल-डिझेल भरलं, तर ०.७५ टक्के सूट मिळेल. १३ डिसेंबरपासून ती लागू झाली. पण पंपावरच्या मशीनमध्ये भाव कमी झाला नाही. हजाराचं पेट्रोल भरलं की कार्डातून हजारच जायचे आणि साडेसात रुपये कॅशबॅक म्हणून खात्यात नंतर यायचे. त्यासाठी मुदत ठेवली होती जास्तीत जास्त तीन कामकाजाच्या दिवसांची. क्रेडिट कार्डांसाठी ही सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली.

देशभरातल्या पंपांसाठी तीन दिवस पुरेसे धरले गेले, मग एका फोनसाठी तीन महिने का? कारण व्यवहाराचा स्वभावच वेगळा आहे. टाकीत भरलेलं पेट्रोल कुणी परत करत नाही. सूट सरसकट होती, कमाल-किमानची भानगड नव्हती, आणि पैसे कोण देणार हेही ठरलेलं होतं. फोनच्या ऑफरमध्ये तसं नसतं. फोन परत केला जाऊ शकतो, ऑर्डर रद्द होऊ शकते, ईएमआय मध्येच बंद केला जाऊ शकतो. कॅशबॅक आधी दिला आणि फोन नंतर परत आला, तर तो वसूल करत बसावं लागतं. शिवाय या पैशाचा भार बहुधा ब्रँड, दुकान आणि बँक यांच्यात वाटलेला असतो. ऑफर संपली की पात्र व्यवहारांची यादी काढायची, त्यातून परत आलेले व्यवहार वगळायचे, एका कार्डाची मर्यादा लावायची, मग पैसे टाकायचे. म्हणून घड्याळ आपल्या खरेदीच्या दिवशी सुरू होत नाही, ऑफर संपल्यावर होतं.

अर्थात, यादीला वेळ लागतो हे खरं असलं, तरी आपले १,५०० रुपये तीन महिने बिनव्याजी दुसऱ्याकडे राहतात, हेही तितकंच खरं. आणि वाट पाहून कंटाळलेला ग्राहक विचारायचं विसरला, तर त्याचा तोटा ना दुकानाला होतो ना बँकेला.

यादीतून नाव कुठे गळतं

पैसे खरोखरच येत नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा व्यवहार त्या यादीत शिरलेलाच नसतो. यादी यंत्र बनवतं. त्याला दुकानदाराने तोंडी काय सांगितलं हे माहीत नसतं. ते फक्त कार्डाचा प्रकार, मशीनचा किंवा दुकानाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम बघतं.

आपल्याकडे तीन ठिकाणी गडबड होते. एक, मशीन. दुकानातलं ठरलेलं मशीन बंद असतं आणि दुकानदार “एकच गोष्ट आहे” म्हणत दुसऱ्याच मशीनवर कार्ड घासतो, किंवा क्यूआर कोडवर यूपीआयने पैसे घेतो. ऑफर ठरावीक मशीनवरच्या स्वाइपसाठी असेल, तर ती एकच गोष्ट नसते. दोन, ईएमआय. ऑफर फक्त ईएमआयवर असेल आणि आपण पूर्ण रक्कम एकदम स्वाइप केली, तर व्यवहार बाद. दुकानातून निघाल्यावर अ‍ॅपमधून त्याचे हप्ते करून घेतले, तरी बहुधा उपयोग होत नाही. काही ऑफरमध्ये हप्ते मुदतीआधी फेडून टाकले, तरी कॅशबॅक जातो.

तिसरी गडबड खास विद्यार्थ्यांची, ती म्हणजे उसनं कार्ड. आपल्या उदाहरणातल्या दादाच्या कार्डावर आठवडाभर आधी चुलत बहिणीनेही फोन घेतला असेल, तर ‘एका कार्डावर एकदाच’ ही अट तिच्याच खरेदीवर संपली. दोघंही १,५०० ची वाट पाहतात, येतात एकदाच. आणि कुणाचेही असले तरी ते दादाच्या खात्यात जमा होतात, हे पोराला कुणी सांगत नाही. पैसे जमा व्हायच्या आत दादाने कार्डच बंद केलं, किंवा बिल थकवलं, तरी अनेक ऑफरमध्ये हक्क जातो.

१,५०० वाचवायला जाऊन ९३० घालवणं

सर्वात महाग चूक मात्र वेगळीच आहे. ५ नोव्हेंबरला १८,००० चं बिल आलं, भरायची शेवटची तारीख २५ नोव्हेंबर. दादाने विचार केला, ‘पंधराशे तर येणारच आहेत, मग आत्ता साडेसोळा हजारच भरतो.’ इथे गणित फिरतं.

क्रेडिट कार्डावर बिनव्याजी मुदत मिळते ती पूर्ण बिल भरणाऱ्याला. काही रक्कम जरी बाकी ठेवली, तरी बऱ्याच कार्डांवर व्याज नुसत्या बाकीवर लागत नाही. ते खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के दर धरू. १८ ऑक्टोबर ते २५ नोव्हेंबर हे ३८ दिवस. १८,००० वर ३८ दिवसांचं व्याज साधारण ७९० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १४० च्या आसपास. झाले ९३० रुपये. उरलेल्या १,५०० वरचं पुढचं व्याज वेगळं, आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. जानेवारीत १,५०० आले, तरी त्यातले निम्म्याहून जास्त आधीच गेलेले असतात.

इथे परत केलेल्या वस्तूचा परतावा आणि कॅशबॅक यांतला फरक लक्षात ठेवायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांनुसार, बिल भरायच्या शेवटच्या तारखेआधी परताव्याचे किंवा रद्द झालेल्या व्यवहाराचे पैसे आले आणि बिल अजून भरलेलं नसेल, तर ते लगेच देय रकमेतून वजा व्हायला हवेत. कॅशबॅक हा असा परतावा नाही आणि त्याला बिलाचा भरणाही समजलं जात नाही. म्हणून साधा नियम: कॅशबॅक खात्यात दिसत नाही तोवर तो शून्य आहे असं धरायचं आणि बिल पूर्ण भरायचं.

तारीख उलटली, मग?

तयारी खरेदीच्या दिवशीच करावी लागते. ऑफर संपली की तिचं पान अनेकदा वेबसाइटवरून गायब होतं, म्हणून अटींसकट स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. मशीनमधून निघालेल्या स्लिपचा फोटो काढा, कारण त्या कागदावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. दुकानाचं पक्कं बिल जपा. आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ती शेवटची तारीख टाकून ठेवा.

तारीख उलटली की फोनवर वाद घालण्यापेक्षा बँकेला लेखी विचारा. कार्ड ज्याच्या नावावर, तक्रारही त्याच्याच नावाने जायला हवी. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, खरेदीची तारीख, रक्कम, दुकान, ऑफरचं नाव आणि अटींनुसार निघणारी तारीख द्या. ‘माझा कॅशबॅक आला नाही’ एवढंच लिहिलं, तर ‘कृपया वाट पाहा’ असं ठरलेलं उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा: हा व्यवहार ऑफरला पात्र आहे का? नसेल, तर कोणत्या अटीमुळे? असेल, तर पैसे कोणत्या तारखेला जमा झाले किंवा होणार? या प्रश्नांना गोलमोल उत्तर देणं अवघड जातं. तक्रारीचा क्रमांक मात्र घ्यायचाच.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते. वकील लागत नाही, फी लागत नाही आणि अमरावती-नागपूरच्या चकरा माराव्या लागत नाहीत. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली असणं मात्र गरजेचं. कॅशबॅक बँकेचा नसून दुकानाने स्वतःच्या नावावर कबूल केलेला असेल, तर लोकपालाचा उपयोग नाही. तिथे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

या सगळ्या वाट पाहण्यात एक धोका लपलेला आहे. नेटवर ‘कस्टमर केअर’ शोधताना चोरट्यांनी टाकलेला नंबर सापडतो, किंवा “तुमचा कॅशबॅक अडकलाय” असा फोन येतो. आपण वाट पाहतच असतो, त्यामुळे खरं वाटतं. लक्षात ठेवा, पैसे मिळवायला यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही आणि बँकेला ओटीपी सांगावा लागत नाही. नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा किंवा बिलावरचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवायचं.

आणि पुढच्या दिवाळीत दुकानात उभे असाल, तेव्हा ‘किती टक्के’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा: “हे पैसे आत्ता बिलातून कमी होतात, की नंतर येतात?” नंतर येणार असतील, तर बाजूच्या दुकानात लगेच मिळणाऱ्या हजाराच्या सुटीशी त्या पंधराशेची तुलना करून पाहा. कधी कधी आजचे हजारच जास्त भरतात.